रिफिल पाऊचचा हँडवॉश: पंप अडकतो, वर येत नाही, साबण पातळ होतो, तेव्हा काय तपासायचं

महिनाभरापासून आमच्या घरी हँडवॉशची नवी बाटली आणणं बंद आहे. मोठा पाऊच आणायचा आणि जुनीच बाटली भरायची. गल्लीतल्या बऱ्याच घरांनी हेच सुरू केलंय, आणि त्यांच्या अडलेल्या बाटल्या माझ्याकडे येतात. बिघाड जवळपास दर वेळी तोच असतो, म्हणून तपासायचा क्रम इथे लिहून ठेवते. आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. पाण्याचा भाग म्हणून थोडा वेगळा आहे, बाकी सगळं कुठेही लागू पडेल.

लक्षणं

सगळ्यात जास्त दिसतं ते असं: पंप दाबला की खालीच बसतो, किंवा अगदी हळूहळू वर येतो. बाटलीच्या कुशी आत ओढल्या गेलेल्या दिसतात. दुसरं लक्षण याच्या उलट. पंप मोकळा खाली-वर होतो, पण तोंडातून काही येत नाही, आलं तर नुसती हवा आणि दोन बुडबुडे. तिसरं, धार सरळ न येता बाजूला उडते, कधी थेट डोळ्याकडे. चौथं, कुणी हात लावला नाही तरी तोंडातून साबण ठिबकत राहतो. आणि पाचवं, साबण पाण्यासारखा पातळ झाला, त्यात पांढरे कण दिसू लागले किंवा वास बदलला.

पहिल्या चारांत दोष बहुधा पंपाचा असतो. पाचव्यात तो बाटलीत गेलेल्या पाण्याचा असतो. पाऊचमधला साबणच खराब निघाला, असं मला फार क्वचित दिसलं. लोक मात्र पहिला राग पाऊचवर काढतात, आणि तिथेच पुढची सगळी तपासणी चुकते.

असं का होतं, ते थोडक्यात. २०० मिलीच्या बाटलीचा पंप ती एक बाटली संपेपर्यंत चालला की त्याचं काम झालं, कारण पुढच्या बाटलीबरोबर नवा पंप येतो. ७५० मिलीच्या पाऊचमध्ये तशा जवळपास चार बाटल्या भरतात. म्हणजे एकाच पंपाकडून आपण चार-पाच पंपांचं काम घेतो, आणि मधे तो धुवायचा असतो हे कुणी सांगत नाही.

आधी फुकटातलं: रिंग सैल करून बघा

पंप खाली बसत असेल तर काहीही उघडण्याआधी झाकणाची रिंग अर्धा आटा सैल करा. ‘फस्स’ असा आवाज येऊन पंप वर आला आणि बाटलीची कुस सरळ झाली, तर रोग सापडला. हवा आत जायची वाट बंद झाली आहे.

दर दाबाला दीड-दोन मिली साबण बाहेर जातो, आणि त्याची जागा भरायला तेवढी हवा आत यावी लागते. ती पंपाच्या दांड्याभोवतीच्या बारीक फटीतून शिरते, आणि आतल्या नळकांड्यावर रिंगच्या जरा खाली असलेल्या भोकातून बाटलीत उतरते. फटीभोवती साबण वाळून बसला की हवा बंद. मग आत ओढ तयार होते, स्प्रिंग पंपाला वर ढकलते, ओढ त्याला खाली धरते. अशा वेळी लोक आणखी जोर लावून दाबतात आणि स्प्रिंग कायमची बसते.

आपल्याकडे हे फेब्रुवारी संपला की वाढतं. मार्च ते जून हवा इतकी कोरडी असते की तोंडाशी राहिलेला थेंब एका दुपारी चामड्यासारखा होतो. पावसाळ्यात तीच बाटली बिनतक्रार चालते.

रिंग सैल केल्यावरही पंप वर येत नसेल, तर ओढीचा प्रश्न नाही. दांडा आतून चिकटलाय किंवा स्प्रिंग गेली आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे याला तिसरं कारण असतं, थंडीत साबणच घट्ट होतो. बाटली तासभर उन्हाच्या कवडशात ठेवून पुन्हा दाबून बघा. तेवढ्याने सुटला तर पंपाला हात लावायची गरज नाही.

मग पेलाभर पाणी

दुसरी तपासणीही बिनखर्चाची आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. पंप बाटलीतून पूर्ण बाहेर काढा, नळी पाण्याच्या पेल्यात बुडवा आणि दहा-बारा वेळा दाबा. पाणी नीट आलं तर पंप धड आहे. गडबड बाटलीतल्या साबणाची, त्याच्या पातळीची किंवा नळीत अडकलेल्या हवेची. पाणीही आलं नाही तर दोष पंपातच आहे. एवढं कळलं की निम्मं काम होतं, कारण मग चांगला साबण फेकला जात नाही आणि चांगला पंपही.

नुकतीच बाटली भरली असेल तर नळीत हवा असतेच. घट्ट साबण वर चढायला सात-आठ दाब लागतात. पंप बिघडला असं दोन-तीन दाबांत ठरवू नका.

याच वेळी नळी बघून घ्या. ती पंपाच्या खालच्या टोकात नुसती दाबून बसवलेली असते. भरताना पंप ओढून काढला की निसटते आणि बाटलीच्या तळाशी पडून राहते. वरून सगळं ठीक दिसतं, हाती फक्त हवा येते. पंप एका बाटलीचा आणि बाटली दुसरी असेल तर लांबीही तपासा. नळी आखूड असली तर खालचा साबण तसाच राहतो. लांब असून सपाट कापलेली असली तर तिचं तोंड तळाला चिकटतं आणि ओढ लागत नाही. टोक कात्रीने तिरकं कापलं की काम होतं. कापताना थोडं थोडं कापा.

कोमट पाण्यात भिजवणं

पंपात दोष आहे हे नक्की झालं, की वाटीभर कोमट पाणी घ्या. हाताला सोसेल इतकंच. उकळतं ओतलं तर प्लास्टिक वाकतं आणि दांडा कायमचा घासत राहतो. पंपाचं डोकं, रिंग, नळी सगळं बुडेल असं अर्धा तास ठेवा. वाळलेला साबण पाण्यात विरघळतो, त्याला व्हिनेगर, सोडा, ॲसिड काही लागत नाही. नंतर वाटीतच पंप खाली-वर करत राहा. सुरुवातीला फेस येईल, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. स्वच्छ येईपर्यंत थांबू नका. तोंडाच्या भोकात टाचणी घालायची तर बाहेरून आत रेटू नका. गाठ आत ढकलली की ती पुढच्या वळणावर अडकते. आधी भिजवा, मग तोंडाशी सुटलेली गाठ टाचणीने बाहेर ओढा. धार बाजूला उडत असेल तर एवढ्यानेच ती सरळ होते.

पंपाच्या खालच्या टोकात बहुधा एक बारीक छर्रा असतो. दाबलं की तो खाली बसून साबण परत बाटलीत जाऊ देत नाही, सोडलं की उचलला जातो आणि नवा साबण वर येऊ देतो. पंप मोकळा हलतो पण साबण येत नाही, तेव्हा हा छर्रा चिकटलेला असू शकतो. धुतलेला पंप कानाजवळ धरून हलवा. टकटक ऐकू आली तर छर्रा सुटा आहे. नाही आली तर आणखी अर्धा तास भिजवा. काही पंपांत छर्ऱ्याऐवजी प्लास्टिकची पट्टी असते, तिथे आवाज येणारच नाही, म्हणून शेवटचा निकाल पेल्यातल्या पाण्यावरच घ्या.

आमच्याकडे शेवटच्या धुण्याला आरओच्या कॅनचं पाणी घेते, तांब्याभर पुरतं. बोअरचं पाणी खारं आणि जड आहे. ते पंपात वाळलं की क्षार मागे राहतात आणि आतली स्प्रिंग गंजू शकते. साबणात तपकिरी रेघ दिसली तर ती गंजाची. असा पंप धुवून उपयोग नाही, तो काढून टाका.

ठिबकणारी बाटली

यात पंप धुण्याआधी जागा बघा. न्हाणीच्या भिंतीवर, अंगणातल्या नळाजवळ, जिथे दुपारचं ऊन पडतं तिथे बाटली ठेवली असेल तर आतली हवा तापून फुगते आणि साबणाला नळीतून वर ढकलते. बाटली अर्धी रिकामी असली की त्रास जास्त, कारण आत हवाच जास्त. सावलीत ठेवून दिवसभर वाट बघा. तरी ठिबकत असेल तर साबण पातळ झालाय किंवा छर्रा नीट बसत नाही.

पाणी घातलेला साबण

आता पाचवं लक्षण. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण पंप बिघडला तर दहा-वीस रुपयांचं नुकसान, पण इथे प्रश्न हातांचा आहे.

पाऊच संपत आला की त्यात पाणी घालून हलवायचं आणि ते बाटलीत ओतायचं, ही सवय घरोघरी आहे. शॅम्पूच्या बाटलीपासून आपण हेच करत आलोय. हँडवॉशमध्ये निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. घट्टपणा येतो तो फेस करणारं द्रव्य आणि मीठ यांचं प्रमाण जुळवल्यामुळे. आपण पाणी घातलं की ते प्रमाण मोडतं, आणि साबण थोडा नव्हे, एकदम पातळ होतो. आमच्यासारखं खारं पाणी असेल तर मीठही वाढतं, आणि ठराविक मर्यादेपलीकडे मीठ वाढलं की साबण पुन्हा पातळच होतो.

पण खरी काळजी आहे ती साबण टिकवणाऱ्या द्रव्याची. ते अगदी मोजून घातलेलं असतं. पाण्याने ते विरळ झालं की साबणातच जंतू वाढू शकतात. साबणात जंतू कसे, असं लोक विचारतात. वाढतात. अर्ध्या बाटलीत वरून नवा साबण ओतू नका, असं अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २००२ साली दवाखान्यांसाठीच्या हात धुण्याच्या नियमांत लिहिलं, ते याच कारणाने. जुना तळ राहिला तर त्यातली घाण नव्या साबणात जाते. घरासाठीही मी तोच नियम धरते: बाटली पूर्ण रिकामी, धुतलेली आणि पालथी घालून वाळलेली, मगच नवा साबण.

कुणी मुद्दाम पाणी घातलं नाही तरी ते आत जातं. ओल्या हाताने दाबताना पाणी दांड्यावरून ओघळतं आणि त्याच हवेच्या फटीतून बाटलीत उतरतं. म्हणून बाटली नळाच्या धारेखाली ठेवू नका, हातभर बाजूला ठेवा.

साबण आंबूस किंवा कुबट वासाचा झाला, त्यात तार सुटू लागली, रंग गढूळ झाला, तर गाळत बसू नका. सगळा ओतून टाका. पांढरे कण असतील तर एक छोटी परीक्षा करता येते. दोन स्वच्छ काचेच्या बाटल्या घ्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत कॅनचं किंवा पावसाचं. दोन्हींत पाऊचमधला ताजा साबण चार-चार थेंब टाका आणि हलवा. फक्त बोअरच्या पाण्यात फेस कमी आणि पांढरी साय आली, तर तो हँडवॉश खऱ्या साबणाचा आहे आणि जड पाण्यात फाटतो. घटकांच्या यादीत लॉरिक ॲसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं तर तो या जातीचा. सोडियम लॉरेथ सल्फेटचा हँडवॉश जड पाण्याला जास्त सोसतो. खारपाणपट्ट्यात पुढचा पाऊच घेताना एवढी यादी वाचा.

एक प्रकार वेगळाच आहे. काही बाटल्यांचे पंप सरळ फेस देणारे असतात. त्यांत बारीक जाळी असते आणि साबण मुळातच पातळ लागतो. त्यात नेहमीचा घट्ट पाऊच ओतला की जाळी बुजते, आणि ती धुवून पुरती मोकळी होत नाही. अशा बाटलीला तिचाच पाऊच घ्या.

एक बाटली, सुरुवातीपासून

शेजारच्या वहिनी बाटली घेऊन आल्या. “काऊन व माय, दाबला का वरच येत नाई. नवाच पाऊच भरला ना मी.”

बाटलीची कुस आत गेलेली होती. रिंग सैल केली, फस्स झालं, पंप वर आला. रिंग घट्ट केली, चार दाबांत पुन्हा खाली बसला. म्हणजे हवेची वाट. पंप काढला तर दांड्याभोवती पिवळट कडं जमलेलं. कोमट पाण्यात भिजायला टाकला आणि तोवर बाटली बघितली. साबण वरून घट्ट, तळाशी पातळ, दोन थर वेगळे दिसत होते.

“आधीचा होता का यात?” मी विचारलं.

“होता ना थोडासा. पाणी टाकलं होतं त्यात, वाया कायले घालवायचा.”

वास घेतला. कुबट. सगळा ओतायला सांगितला. त्यांना जड गेलं, पण ओतला. पाऊच सुदैवाने अर्धा शिल्लक होता आणि त्याचा वास ताजा होता. बाटली धुतली, पालथी घातली. पंपाने पेल्यातलं पाणी चौथ्या दाबाला उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली कोरडी झाल्यावर भरली, नळी तळापर्यंत पोचते ना ते पाहिलं, रिंग लावली. आठव्या दाबाला साबण आला आणि पंप पटकन वर उठला.

पाऊच मात्र त्यांनी कापून कपड्यांचा चिमटा लावून ठेवला होता. तोंडाशी साबण वाळला होता, मुंग्या फिरत होत्या. झाकणाचा पाऊच मिळाला तर तोच घ्यावा. नसेल तर घरात दोन-तीन पंपाच्या रिकाम्या बाटल्या जमवून एकदम भरून टाकाव्यात. उरलेला साबण पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच ठेवू नका, घरात लहान लेकरू असो वा नसो. आणि पाऊचवरचा बॅच नंबर नि तारखेचा तुकडा कापून बाटलीला चिकटपट्टीने लावा. काही त्रास झाला तर तो डॉक्टरांना दाखवता येईल.

कुठे थांबायचं

दोनदा भिजवूनही पेल्यातलं पाणी उचललं जात नसेल, स्प्रिंग गंजली असेल किंवा दांडा तडकला असेल, तर पंप फेका. तो खोलून आतली स्प्रिंग बदलायच्या नादी लागू नका, ती कुठे सुटी मिळत नाही. अशा वेळी एक नवी बाटली घ्या, पुढचे पाऊच तिच्यावर चालतील.

पाणी इतकं जड आहे की प्रत्येक साबण फाटतो, भांड्यांवर पांढरे डाग राहतात, तर ग्रामपंचायतीत विचारा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलेलं असतं. पक्का अहवाल हवा असेल तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जातो.

हाताला खाज, लाल चट्टे, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या तर तो साबण त्याच दिवशी बंद करा. साध्या पाण्याने आणि खोबरेल तेलाने दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, किंवा पाणी सुटू लागलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. डोळ्यात गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटं डोळा उघडा धरा, तरी चुरचुरलं किंवा अंधुक दिसलं तर दवाखाना. लेकराने प्यायला असेल तर उलटी करवू नका, फेस श्वासात जातो. तोंड धुवा आणि दाखवायला न्या. खोकला लागला, श्वास घेताना त्रास झाला तर लगेच १०८ ला फोन.

महिन्याचा हिशेब

हल्ली पाकिटावर छापील किमतीजवळ प्रति मिली दरही असतो. दुकानात उभं राहून पाऊचचा आणि बाटलीचा तोच आकडा लावून बघा, एकूण किमतीवर जाऊ नका. पाऊच बहुतेक वेळा स्वस्त पडतो, पण बाटलीवर सूट असेल तर नाही. खर्च घरातल्या सवयीवर ठरतो. पाच माणसं, प्रत्येकी दिवसाला सहा वेळा, एका वेळी एक दाब आणि दाबाला दीड मिली, तर ७५० मिली १६-१७ दिवस पुरतो. दोन-दोन दाब मारले तर आठ दिवसांत संपतो. पोरांना एकच दाब शिकवला, त्यातच खरी बचत झाली.

कचऱ्याचं सांगते. रिकामी बाटली भंगारवाला घेतो, पाऊच घेत नाही, कारण त्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. वजनाने तो बाटल्यांपेक्षा कितीतरी कमी, पण गावात त्याला जायला जागा नाही. चुलीत जाळू नका. मी धुवून, वाळवून पोत्यात जमा करते, नि शहरात जिथे सुका कचरा घेतात तिथे पाठवते.

घरासाठी मी पाऊच चालू ठेवणार आहे, दर वेळी भरताना पंप धुवून. शाळेत मात्र मी हँडवॉशच्या बाटलीचा आग्रह धरणार नाही. पोषण आहाराआधी एकाच पंपावर साठ-सत्तर ओले हात पडतात, पाणी आत जातंच, आणि तो रोज धुवायला माणूस नसतो. तिथे नळाशेजारी जाळीच्या पिशवीत टांगलेली साबणाची वडी बरी. ती वाळते, आणि तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही.